टॉर्च कोणत्या बाजूने धरली, हे विचारायला जागाच नव्हती

प्रति,
ऑनलाइन बाजारपेठांमधील तक्रार-निवारणाचे धोरण ठरवणारे सर्व अधिकारी यांस,

विषय : तक्रार नोंदवल्यानंतर खरेदीदार आणि विक्रेता यांचा थेट संवाद बंद करण्याच्या निर्णयाबाबत

महोदय,

मी जुने कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करून आपल्यासारख्यांच्या बाजारपेठेत विकतो आणि तिथूनच विकतही घेतो. त्यामुळे तक्रारीच्या दोन्ही बाजूंना मी बसलेलो आहे. ज्या बाजारपेठेत माझा बहुतेक व्यवहार चालतो, तिने नुकताच एक नियम लागू केला. खरेदीदाराने तक्रार नोंदवताच दोघांमधील संदेशांची खिडकी बंद होते, परत फोन करण्याची विनंती नोंदवण्याची सोय काढून टाकलेली आहे, आणि यापुढे दोघांनी जे काही सांगायचे ते ठरलेल्या रकान्यांतूनच सांगायचे. निर्णय लवकर लागावेत, हे कारण दिले आहे. निर्णय लवकर लागतील यात शंका नाही. पण तंटा मिटणे आणि निर्णय लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एका लेन्सच्या प्रकरणात हा फरक मी फार जवळून पाहिला. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

प्रकरण असे. मी एक जुनी लेन्स विकली आणि वर्णनात लिहिले, ‘काच स्वच्छ, बुरशी नाही.’ खिडकीपाशी उजेडात धरून, पुढून आणि मागून आरपार पाहूनच मी ते लिहिले होते. लेन्स पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तक्रार आली. कारणांच्या यादीत चारच पर्याय होते : वस्तू मिळाली नाही, वेगळी वस्तू मिळाली, वस्तू तुटलेली किंवा सदोष आहे, वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. खरेदीदाराने चौथा निवडला, खाली ‘आतल्या काचेवर बुरशी आहे’ एवढे लिहिले आणि तीन फोटो जोडले. फोटोंत मला टॉर्चच्या प्रकाशाचा एक पांढरा लोळ दिसला, बुरशी दिसली नाही. लेन्सवरची बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी, तंतू फुटलेली दिसते. तसे तिथे काहीच नव्हते. मी उत्तर दिले, ‘त्रास झाला त्याबद्दल क्षमस्व, मात्र लेन्समध्ये बुरशी नाही.’ त्यावर त्याचे उत्तर आले, ‘फोटो नीट बघा.’

मला तीन दिवसांची मुदत होती आणि तीन बटणे होती : परत घ्या, अंशतः परतावा द्या, नकार द्या. मी अंशतः परताव्याचे बटण दाबून एक छोटी रक्कम भरली. ती का देतो आहे हे लिहायला रकाना नव्हता, म्हणून त्याच्या पडद्यावर नुसता आकडा गेला. त्याने तो नाकारला. आठव्या दिवशी आपल्याकडच्या कोणीतरी निर्णय दिला की लेन्स परत घ्यावी आणि पूर्ण रक्कम द्यावी. निर्णयाच्या कारणात एक वाक्य असे होते : ‘विक्रेत्याने गैरसोय मान्य केली आहे.’ म्हणजे माझे ‘क्षमस्व’ कबुलीजबाब ठरले.

पुढे जे घडले ते योगायोगाने घडले. परतीच्या चिठ्ठीवर माझा पत्ता छापलेला होता आणि खरेदीदार तासाभराच्या अंतरावर राहणारा निघाला. काच पार्सलमध्ये फुटेल या भीतीने तो लेन्स स्वतःच घेऊन आला. सुरुवातीला आम्ही दोघेही अवघडलेलो होतो. मग मी विचारले, ‘तुम्ही टॉर्च कोणत्या बाजूने धरली होती?’ त्याने लेन्स उलटी केली, मागच्या बाजूने, अगदी तिरकी टॉर्च धरली, आणि आतल्या एका काचेवर आरशावर श्वास सोडल्यावर येतो तसा दुधी थर मला स्पष्ट दिसला. खिडकीच्या उजेडात आरपार पाहिल्यावर तो दिसणे शक्यच नव्हते. लेन्स फिरवण्याच्या यंत्रणेत जे वंगण असते, त्याचा अंश वर्षानुवर्षे उडून आतल्या काचेवर बसतो, तो हा थर. प्रकाशाकडे तोंड करून फोटो काढला की चित्र फिकट येते, एवढे त्याचे नुकसान. बुरशी फार वाढली तर काचेवरचा लेप कायमचा खाऊन टाकते. हा थर मात्र बहुतेक वेळा लेन्स उघडून पुसता येतो.

हे सांगितल्यावर त्याने जो सुस्कारा सोडला तो मी विसरणार नाही. त्याच्याकडे आणखी पाच-सहा लेन्स होत्या आणि ही बुरशी त्यांना लागेल म्हणून त्याने ही लेन्स वेगळ्या खोलीत, पिशवीत गुंडाळून ठेवली होती. त्याला लेन्स नको होती असे नव्हते. बुरशी घरात नको होती. मला लेन्स परत नको होती. मग आमचे असे ठरले : लेन्स त्याच्याकडेच राहील, ती उघडून साफ करण्याचा खर्च मी करेन, आणि साफ केल्यावरही डाग राहिले तर चौथा हिस्सा परत देईन. हे ठरायला वीस मिनिटेही लागली नाहीत. त्यातही पहिली पाच मिनिटे लेन्सबद्दल नव्हतीच.

ही तडजोड आपल्या व्यवस्थेत कुठेच बसली नाही. प्रकरण बंद झालेले होते. बाहेरच्या बाहेर पैसे देणे नियमाने मना आहे. ‘वस्तू मिळाली’ हे बटण मी दाबले नसते, तर पार्सल वाटेत कुठेच नोंदले न गेल्याने त्याचा परतावा अडकून राहिला असता. शेवटी मी बटण दाबले, पूर्ण रक्कम त्याला परत गेली, मी लेन्स साफ केली, वर्णनात तो थर आणि उरलेला एक बारीक डाग नमूद करून कमी किमतीला पुन्हा विक्रीला लावली आणि त्यानेच ती पुन्हा घेतली. त्या दुसऱ्या विक्रीवर आपण दुसऱ्यांदा कमिशन घेतलेत, ही गोष्ट मी केवळ गंमत म्हणून नोंदवतो. माझ्या खात्यावर सदोष मालाची जी खूण लागली ती मात्र अजून तशीच आहे, आणि ती काढण्यासाठी जिथे अर्ज करायचा, तिथेही कारणांचे चारच पर्याय आहेत.

आता तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार रकान्यांबद्दल आहे. वस्तू आली की नाही, मागितलेल्या मापाची आहे की नाही, रंग तोच आहे की नाही, असल्या वादांना आपली पद्धत उत्तम आहे. तिथे एका प्रश्नाला एकच उत्तर असते, आणि त्यासाठी दोघांना समोरासमोर बसवणे हा वेळेचा अपव्यय ठरेल. पण वस्तूच्या अवस्थेबद्दलचे वाद निराळे असतात. आमच्या वादात दोघेही खरे बोलत होतो. मी ‘बुरशी नाही’ म्हणत होतो ते खरे होते; तो ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणत होता तेही खरे होते, कारण काच स्वच्छ नव्हती. चूक फक्त एका शब्दाची आणि टॉर्चच्या कोनाची होती. ती शोधायची तर एकाने प्रश्न विचारावा, दुसऱ्याने तिथल्या तिथे करून दाखवावे, आणि त्यावरून पुढचा प्रश्न सुचावा, असे घडावे लागते. रकान्यात प्रत्येकजण आपापले विधान टाकतो. दुसऱ्याला प्रश्न विचारण्याचा रकाना मी तरी कुठल्याही तक्रार-फॉर्ममध्ये पाहिलेला नाही.

त्यालाच जोडून एक गोष्ट. आपला फॉर्म ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारतो आणि खाली परतावा, बदली वस्तू, अंशतः परतावा असे पर्याय देतो. ‘का हवे?’ असे तो विचारत नाही. माझ्या खरेदीदाराला बाकीच्या लेन्स वाचवायच्या होत्या, हे कळल्याशिवाय त्या वादात तोडगा निघूच शकत नव्हता, आणि ते कळले तेव्हा वाद जवळजवळ उरलाच नाही. शिवाय आमच्या तोडग्यात एक ‘जर’ होता : डाग राहिले तर इतके, नाही तर नाही. आपल्या रकान्यात फक्त आकडा बसतो, अट बसत नाही.

दुसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे, आणि तिच्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. आपल्याकडे बोलणी आणि निवाडा एकाच कागदावर होतात. दोघांनी एकमेकांना लिहिलेले प्रत्येक वाक्य नंतर निर्णय देणाऱ्यापुढे पुरावा म्हणून जाते. मध्यस्थीचा व्यवसाय करणारे लोक ही चूक कधी करत नाहीत. मध्यस्थापुढे जे बोलले जाते ते तिथेच राहते, आणि मध्यस्थ स्वतः निवाडा देत नाही. हेतू सरळ आहे : माणसाने मोकळेपणाने ‘हो, इथे माझे चुकले असेल’ म्हणावे आणि ते वाक्य पुढे त्याच्यावर उलटू नये. आपल्या व्यवस्थेत एकदा हात पोळलेला विक्रेता पुढच्या वेळी क्षमा मागत नाही. मीही मागत नाही. गेल्या काही तक्रारींना मी वकिलाने लिहून द्यावीत तशी कोरडी उत्तरे दिली आहेत. त्यांतली दोन प्रकरणे एरवी एका फोनवर मिटली असती, असे मला आजही वाटते.

हे टप्पे वेगळे असावेत ही कल्पना माझी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने ऑनलाइन तंटा-निवारणावर 2016 साली ज्या तांत्रिक टिपा प्रसिद्ध केल्या, त्यांत प्रक्रियेचे तीन टप्पे सांगितले आहेत : आधी दोन्ही पक्षांची आपापसांतील बोलणी, ती फसली तर तटस्थ व्यक्तीच्या मदतीने समझोत्याचा प्रयत्न, आणि तोही फसला तर अखेरचा टप्पा. आपण पहिल्या टप्प्याचे तीन बटणांत रूपांतर केले, मधला टप्पा गाळला आणि थेट तिसऱ्यावर गेलात.

या क्षेत्राची सुरुवात मधल्या टप्प्यापासूनच झाली होती. 1999 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील एका केंद्राने ईबेवरच्या खरेदीदार-विक्रेत्यांचे सुमारे 200 तंटे मध्यस्थीसाठी घेतले होते. साधन होते साधा ईमेल. पण दोन्ही बाजूंना लिहिणारा मध्यस्थ माणूस होता. एकाचे म्हणणे समजून घेऊन, त्यातला दंश काढून, तो ते दुसऱ्यापर्यंत पोहोचवू शकत होता. पुढे तंट्यांची संख्या वाढली, माणूस परवडेना, आणि हळूहळू त्याची जागा रकान्यांनी घेतली. खर्चाचे हे गणित मला समजते. प्रत्येक किरकोळ तक्रारीला मध्यस्थ द्या, असे मी म्हणणार नाही.

तिसरी तक्रार लिहिलेल्या शब्दाच्या स्वराबद्दल आहे. ‘फोटो नीट बघा’ हे वाक्य मी दरडावणी म्हणून वाचले आणि त्या रागात छोटा आकडा भरला. समोर बसल्यावर त्याने तेच वाक्य पुन्हा उच्चारले, तेव्हा त्यात विनवणी होती. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना काही वाक्ये उपरोधाने आणि काही गंभीरपणे कळवायला सांगितली होती. ईमेल लिहिणाऱ्यांची खात्री होती की वाचणारा सुमारे 78 टक्के वेळा त्यांचा सूर बरोबर ओळखेल. प्रत्यक्षात तो 56 टक्के वेळा ओळखला गेला, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा थोडा बरा. आवाजातून तीच वाक्ये ऐकणाऱ्यांनी मात्र सुमारे तीन-चतुर्थांश वेळा सूर बरोबर पकडला. ज्या माणसाला आपण कधी भेटलेलो नाही आणि ज्याने आपल्यावर तक्रार केली आहे, त्याच्या कोरड्या वाक्यातून आपण कोणता सूर ऐकणार, हे वेगळे सांगायला नको. ईमेलवरून वाटाघाटी करणाऱ्या विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगांत आणखी एक उपयोगी गोष्ट दिसली आहे : सुरुवातीला फोनवर केवळ काही मिनिटे इकडच्या तिकडच्या गप्पा मारलेल्या जोड्यांची बोलणी, त्या न मारलेल्यांच्या मानाने कमी वेळा फिसकटली. माझ्या घरची ती पहिली पाच मिनिटे वाया गेली नव्हती, ती अशी.

इथे आपल्या बाजूचे दोन मुद्दे मला प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजेत. समोरासमोरची बैठक ही काही नेहमीच न्यायाची जागा नसते. तिथे ज्याचा आवाज मोठा, ज्याला बोलायची सवय, तो जिंकतो. लाजाळू खरेदीदार दुकानदारापुढे गप्प बसतो आणि ‘जाऊ द्या’ म्हणून निघून येतो. लिहिताना त्याला विचार करायला वेळ मिळतो, आणि काय बोलले गेले याचा कागद राहतो. दोघे दोन टोकांना राहत असतील आणि वस्तू स्वस्त असेल, तर भेटीचा प्रश्नच येत नाही. माझ्या खरेदीदाराला यायला तासभर लागला म्हणून हे पत्र लिहिता येत आहे. दोन दिवस लागले असते तर तो आला नसता.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. आपल्या हातात पैसा असतो, आणि म्हणून आपला निर्णय अमलात येतो. युरोपीय संघाने 2016 साली ग्राहकांसाठी स्वतःचे ऑनलाइन तंटा-निवारण व्यासपीठ सुरू केले होते. त्याच्या हाती पैसा नव्हता आणि व्यापाऱ्याला ओढून आणण्याचा अधिकारही नव्हता. तक्रार व्यापाऱ्याकडे जायची, त्याने 30 दिवसांत प्रतिसाद दिला नाही तर प्रकरण आपोआप बंद व्हायचे, आणि बहुतांश प्रकरणांचे तेच झाले. 20 जुलै 2025 रोजी ते व्यासपीठ बंद झाले. बोलणी व्हावीत असे नुसते वाटून चालत नाही, दोघांना त्यात उतरायला काही कारण असावे लागते, हे मला पटते. ते कारण आपल्याकडे आहे. बोलणी होईपर्यंत पैसा आपल्याजवळ थांबलेला असतो. म्हणूनच संवाद बंद करण्याचा निर्णय आपण घ्यावा याचे मला अधिक वाईट वाटते.

मुदतीबद्दल थोडक्यात : तीन दिवसांत उत्तर न देणारा दोषी, हा नियम पळपुट्या विक्रेत्याला आळा घालतो, आणि रुग्णालयात असलेल्या विक्रेत्यालाही तोच न्याय लावतो. दोघेही तयार असतील तर घड्याळ थांबवण्याची सोय असावी, एवढेच म्हणतो.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

तक्रार नोंदवल्यानंतरही खरेदीदार आणि विक्रेता यांच्यातील संदेशांची खिडकी चालू ठेवावी, आणि शिवीगाळ झाल्यास तेवढ्यापुरती ती बंद करावी.

‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या प्रकारच्या तक्रारींत, निर्णयाकडे जाण्यापूर्वी, दोघांची संमती असल्यास वस्तू हातात घेऊन वीस मिनिटांचे एक व्हिडिओ-संभाषण ठेवावे आणि त्या काळात मुदतीचे घड्याळ थांबवावे. कोणा एकाला समोर यायचे नसेल तर त्याने नकार द्यावा, आणि त्या नकाराचा निर्णयावर परिणाम होऊ नये. समोरच्याचा दबाव वाटत असेल तर आपला प्रशिक्षित मध्यस्थ त्या संभाषणात बसावा. जे परस्पर राजी असतील त्यांना प्रत्यक्ष भेटून वस्तू दाखवण्याची मुभा असावी, आणि ती भेट पार्सलच्या नोंदीइतकीच ग्राह्य धरावी.

त्या संभाषणात आणि समझोत्यासाठी झालेल्या लिखाणात जे बोलले जाईल ते निर्णय देणाऱ्यापुढे जाऊ नये. मध्यस्थ आणि निर्णय देणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. या सर्वांतले एकच मागायचे झाले तर मी हे मागेन.

तोडगा नोंदवण्याच्या जागी आकड्याबरोबर अट लिहिता यावी, ती दोघांनी मान्य केल्यावर पैसा त्या अटीनुसार आपण सोडावा, आणि दोघांनी मिटवलेल्या प्रकरणाची खूण विक्रेत्याच्या खात्यावरून काढावी.

पुढच्या महिन्यात हा नियम सर्व प्रकारच्या मालाला लागू होणार असल्याचे आपण कळवले आहे. त्यापूर्वी वरीलपैकी कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि नसल्यास का, याचे उत्तर आपण लेखी आणि जाहीर द्यावे, अशी विनंती आहे. ते चार पर्यायांतून निवडलेले नसावे.

आपला,
एक विक्रेता आणि खरेदीदार